वाली मिटिंगची माफी

बाई कुणाचीही चिठ्ठी आधी टेबलावर ठेवून तळहाताने सपाट करायच्या. मग वाचायच्या. खोटं सापडलं की घडी घालून परत. "कारण खरं लिहा. वेळ मी देते."

असं तुमच्याही कुणी बाई म्हणाल्या असतील, पण माझ्याइतक्या वेळा कुणाला ऐकावं लागलं नसेल. बमरोलीच्या त्या मराठी शाळेत बाईंनी आधी माझ्या मुलाला शिकवलं आणि मग नातीला, निकिताला.

मुलाच्या वेळी मी स्वतःला फार हुशार समजायचे. सातवी पास होते ना! पालकांची सभा, म्हणजे आमच्या सुरतेत वाली मिटिंग, आली की मी चिठ्ठी पाठवायची. पहिल्या चिठ्ठीत सासू आजारी पडली, दुसरीत दवाखान्यात गेली, तिसरीत मी तिला मारूनच टाकलं. आठवड्याने तीच सासू पोराला न्यायला शाळेच्या दारात उभी. बाईंनी तिला नमस्कार केला, तब्येत विचारली. सासू घरी येऊन म्हणाली, मास्तरीण फार मायाळू आहे वं. खरं कारण एवढंच होतं, की चारचौघांत पोराचे मार्क ऐकायची मला लाज वाटायची. बाई दरवेळी दुसरी वेळ द्यायच्या आणि मी तेव्हाही जायची नाही. पोरगा आठवीत शाळा सोडून कापडाच्या कारखान्यात लूमवर लागला.

निकिता पाचवीत गेली तेव्हा बाईंचे केस पांढरे झाले होते. दुसऱ्या सत्रातल्या मिटिंगचा निरोप मोबाईलवर आला: शनिवार, साडेनऊ ते दहा, हजेरी क्रमांक एकवीस ते तीस. निकिताचा सत्तावीस. मुलाची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. सून आणि मी घरी साड्यांना खडे चिकटवतो. त्याच शनिवारी दहाला पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्याचा टेम्पो माल न्यायला यायचा होता आणि अकरा साड्या बाकी होत्या. कुणीच गेलं नाही. सोमवारी मी लिहिलं, सुनेला ताप होता.

चिठ्ठी परत आली. पाठीमागे बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं: 'आजी, पाचवीला आता नापास करतात. निकालानंतर दोन महिन्यांनी फेरपरीक्षा, तीही गेली तर वर्ष पुन्हा. मला बोलायचं आहे.'

सून माझ्याकडे बघत राहिली. मी नवीन कागद घेतला.

'वर्गशिक्षिका बाईंना नमस्कार. इयत्ता पाचवी, क्रमांक सत्तावीस, निकिता हिच्या शनिवारच्या मिटिंगला घरातून कुणी आलं नाही, त्याची माफी मागते. ताप कुणाला नव्हता. साड्या द्यायच्या होत्या. निकितापण रोज शाळेतून आल्यावर खडे लावते, मीच लावायला बसवते. तिच्या अभ्यासाचं समजून घ्यायचं आहे. कोणत्याही दिवशी दुपारी दहा-पंधरा मिनिटं दिली तर मी स्वतः येईन.'

एवढं लिहायला पाऊण तास लागला. सासूला मारायला पाच मिनिटं पुरली होती.

बुधवार, मधली सुट्टी, असं उत्तर आलं.

बाईंनी मार्क आधी सांगितले नाहीत. दोन वह्या उघडल्या. जूनमधली, अक्षर गोल गोल. आणि आताची, पानं गोंदाने एकमेकांना चिकटलेली. चौथ्या तासाला झोपते, म्हणाल्या. मग प्रगतिपत्रक. गणित काठावर, गुजराती वाचनात नापास. निकिताला बोलावून त्यांनी गुजरातीचा एक धडा वाचायला दिला. ती दुसऱ्या ओळीवर अडली आणि बोटाच्या टोकावरचा वाळलेला गोंद सोलत बसली. मी खाली बघत होते. माझ्याही बोटांवर तोच गोंद.

"काय करू या, आजी?"

मी म्हटलं, परीक्षेपर्यंत ती साडीला हात लावणार नाही. सून आणि मी भागवू. बाई म्हणाल्या, सकाळी अर्धा तास लवकर पाठवा, मी वाचून घेते. हे सगळं त्यांनी मिटिंगच्या रजिस्टरमध्ये लिहिलं आणि माझी सही घेतली.

मी उठले तेव्हा त्यांनी मुलाचं विचारलं. आठ मशीन सांभाळतो, म्हटलं. बाईंनी रजिस्टरचं पान तळहाताने सपाट केलं.

"त्याच्या वेळी मी चिठ्ठ्या वाचत बसले. एकदा घरी यायला हवं होतं. चुकलंच माझं."

नाही हो, म्हटलं आणि पदर सारखा केला.

निकिता फेरपरीक्षेशिवाय पास झाली, पस्तीसच्या थोडी वर. निकाल घरी वाचून दाखवताना मी मुलाला बाईंचं ते 'चुकलंच माझं' सांगितलं.

सहावीच्या पहिल्या मिटिंगला त्याने जोडीदाराशी पाळी बदलून घेतली आणि माझ्याबरोबर आला. अंगावर सुताचे तंतू तसेच. निकिताच्या सरांशी बोलणं झाल्यावर तो पाचवीच्या वर्गाकडे निघाला. तिथे एक तरुण मॅडम होत्या. जुन्या बाई सुट्टीतच रिटायर झाल्या, म्हणाल्या. कुठे राहतात ते माहीत नाही.

"काही काम होतं का?" त्यांनी विचारलं.

"भेटायचं होतं," मुलगा म्हणाला, आणि दारातच उभा राहिला.