खाट सोडली तेव्हा झोप लागली

आमच्या टीम लीडर हेतल मॅडमनी रेकॉर्ड झालेला कॉल लावला आणि हेडफोन माझ्याकडे सरकवला. "सुन, विलास. आखो कॉल सांभळ." म्हणजे पूर्ण कॉल ऐक.

रेकॉर्डिंगमध्ये नाशिककडच्या एक आजी बोलत होत्या. प्रेशर कुकरचं झाकण बसत नाही, अशी तक्रार. माझा आवाज म्हणाला, "एक मिनिट हं आजी, चेक करतो." मग शांतता. आमच्याकडे त्याला डेड एअर म्हणतात. लाइन चालू, पण एजंट गप्प. थोडी चालते, जास्त झाली की मार्क कापतात. ही संपेचना. मग एक बारीकसा आवाज आला. घोरण्याचा. माझ्या घोरण्याचा.

"हॅलो? अहो?" आजी म्हणाल्या. थोडं थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं, "झोपलं वाटतं लेकरू." आणि हळूच फोन ठेवला. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. ऑडिटवाल्यांनी सहज उचललेल्या कॉलमध्ये हा निघाला.

मी रडायच्या बेतात होतो. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्याच्या ऑडिटमध्ये क्वालिटी नाही आली तर मी तुला फोनवर ठेवू शकणार नाही. ऊपर से आया है. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही मॅडम. झोप येत नाही."

"इथे तर येते!"

विनोद खरा होता. कामावर दुपारी चार वाजले की डोळे मिटायचे आणि घरी खाटेवर पडलो की टक्क उघडायचे.

मी शिरपूरकडचा. दहावी झाली नाही. सुरतेला आलो तो कापडाच्या लूमवर लागायलाच. नवागामला आमच्या मावशीचा गुलाबदादा राहतो, तोही लूमवरच. पण पर्वत पाटियाच्या या कॉल सेंटरला मराठी बोलणारी मुलं हवी होती. मॅडमनी माझं बोलणं ऐकलं आणि शाळेचा कागद बाजूला ठेवला. तो उपकार मी विसरत नाही. म्हणून भीतीही जास्त. ही खुर्ची गेली तर दुसरीकडे कोणी मला हेडसेट देणार नव्हतं.

भीतीपोटी मी झोपेच्या मागे लागलो होतो. माझी शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. घरी आलो की जेवून लगेच आडवा व्हायचो, म्हणजे जास्त तास मिळतील. कूस बदलायची, मोबाइलमध्ये किती वाजले बघायचं, आता झोप लागली तरी किती उरली याचा हिशेब करायचा, पुन्हा कूस. पहाटे कधीतरी डोळा लागायचा, मधेच उघडायचा. मग दहा-साडेदहापर्यंत लोळत राहायचो. सुट्टीच्या दिवशी तर संध्याकाळपर्यंत.

इथे आमच्या खोलीचा नियम सांगायला हवा. नवागामच्या खोल्यांमध्ये खाट माणसाची नसते, पाळीची असते. जो पाळीवरून आला, खाट त्याची. गुलाबदादाची रातपाळी. सकाळी सातनंतर तो घरी येतो, तेव्हा खाट त्याच्या हक्काची. पण माझी दशा बघून त्याने तो हक्क सोडला होता. तो खाली फरशीवर चटई टाकून झोपायचा आणि मला म्हणायचा, "तू पडी राय. तुनं डोकानं काम शे." माझ्यासाठी यापेक्षा जास्त कोणी काय करणार? म्हणून मीही मन लावून पडून राहायचो. न झोपता.

मॅडमच्या सांगण्यावरून मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथून मला ज्या विभागात पाठवलं, त्याच्या दारावर मनोविकार लिहिलेलं होतं. मी मागे फिरणार होतो. सोबत आलेला गुलाबदादा म्हणाला, "अरे, पाटी वाचीसन कोनी येडं व्हत नही. चाल मजार." चल आत.

डॉक्टरबाई अमरावतीकडच्या, मराठी बोलणाऱ्या. आधी त्यांनी दादालाच विचारलं, "हा झोपेत जोरात घोरतो का? श्वास अडकल्यासारखा होतो का?"

"नही बाई. हाऊ झोपस कुठे?"

वजन, बीपी, रक्त, थायरॉइड तपासलं. सगळं ठीक. मी झोपेची गोळी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी मला सांगा, दिवसभर थोडं थोडं फरसाण खाल्लं तर रात्री जेवण जातं का?"

"नाही जात."

"झोपेचीही भूक असते. माणूस जितका वेळ जागा, तितकी ती वाढते. तुम्ही सकाळी लोळून, रिक्षात डुलक्या काढून, सुट्टीला दुपारभर झोपून ती मोडता. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या शरीराला खाट म्हणजे काळजी करायची जागा, अशी सवय लागली आहे. ती मोडायची आहे."

एक आठवडा काहीही न बदलता रोज किती झोप झाली ते बघायला सांगितलं. अंदाजानेच, घड्याळ न बघता. रोज दुपारी मी निघायच्या वेळी दादा उठून विचारायचा, "आज किती झोपना रे?" आठवड्याने त्यानेच बाईंना सांगितलं, की हा अकरा तास खाटेवर असतो आणि झोपतो त्यातले जेमतेम सहा.

"मग सहाच तास खाट द्यायची," बाई म्हणाल्या. "साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही. साडेसहानंतर राहायचं नाही. झोप झाली असो वा नसो. सुट्टीलाही."

मला वाटलं माझं ऐकण्यात चूक झाली. झोप कमी म्हणून आलो आणि या आणखी कमी करतात!

"पहिले दोन आठवडे जड जातील," त्या म्हणाल्या. "गाडी चालवता का?"

"नाही, शेअर रिक्षा."

"चांगलं. आणि लूमवर असता तर हे मी असं सांगितलंच नसतं. पेंगणाऱ्या माणसाचा हात मशीनजवळ नको."

बाकीचंही सांगितलं. चहा साडेचारनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. मोबाइल खाटेपासून लांब, गजर लावून उलटा ठेवायचा. उठल्यावर लगेच बाहेर उजेडात फिरायचं, म्हणजे शरीराच्या घड्याळाला सकाळ कळते. आणि पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं. मंद दिव्यात कंटाळवाणं काम करायचं. डोळे जड झाले की मगच परत.

बाहेर आल्यावर मी दादाला म्हटलं, "आजपासून सकाळी खाट तुझी."

तो हसायला लागला. "तुनी डॉक्टरीन मनी वकील शे का रे?"

कंटाळवाणं काम शेजारच्या शोभाकाकूंनी दिलं. त्या घरी साड्यांचं धागाकटिंग करतात. भरतकामाच्या मागे सुटलेले धागे कात्रीने कापायचे. याहून कंटाळवाणं काम सुरतेत नसेल. "भाऊ, रात्री उठलास की कापत बस," म्हणत त्यांनी गठ्ठाच दिला. "फक्त साडी कापू नकोस."

पहिला आठवडा भयंकर गेला. सगळा गठ्ठा कापून झाला. साडेसहाला उठून दिंडोलीच्या रस्त्याने चालताना मला चालत्या रिक्षांचा हेवा वाटायचा. आत माणसं बसलेली असायची. ऑफिसात चार वाजता मी जिने चढायचो, तोंड धुवायचो, कॉल उभ्याने घ्यायचो. मॅडम लांबून बघायच्या. मला खात्री होती की नोकरी गेली.

दुसऱ्या आठवड्यात एकदा पडल्यावर लगेच झोप लागली. मधे जाग आली, पण परत लागली. मी खूश होऊन रविवारी दुपारी स्वतःला बक्षीस दिलं. जेवून तीन तास झोपलो. त्या रात्री पुन्हा काकूंचा गठ्ठा. दादा सकाळी आला तेव्हा मी कात्री घेऊन बसलेला. त्याने कापलेले धागे बघितले आणि म्हणाला, "दुपारले फरसान खादं ना?"

पुन्हा ती चूक केली नाही.

हळूहळू साडेबारा वाजायची मी वाट बघू लागलो. आधी खाट बघून छातीत धडधडायचं, आता जांभया यायच्या. खाटेवरचा बहुतेक वेळ झोपेत जातो, असं आठवडाभर दिसल्यावर बाईंनी पंधरा मिनिटं वाढवून दिली. सव्वाबारा. मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. तसाच पुढचा आठवडा नीट गेला की आणखी पंधरा. उठायची वेळ मात्र तीच.

एक दिवस शोभाकाकू दारात उभ्या. हातात गठ्ठा, गेला होता तसाच परत आलेला. "काय रे भाऊ, तुझी झोप सुधारली आणि माझं काम पडलं!" यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलेलं नाही.

मग ऑडिटचा महिना संपला. कुठले कॉल उचलले ते आपल्याला कळत नाही. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तीच खुर्ची, तोच हेडफोन.

"सांभळ," त्या म्हणाल्या.

सोलापूरच्या एक बाई होत्या. चिडलेल्या. मिक्सर आलाच नाही आणि तुमची माणसं 'डिलिव्हर झाला' म्हणून तक्रार बंद करतात. तिसऱ्यांदा फोन करतेय. "आमच्या चाळीला ना गेट ना वॉचमन, येऊन बघा कुणीतरी!" वेळ दुपारी चारची. माझा आवाज म्हणाला, "एक मिनिट हं ताई."

मग शांतता.

डेड एअर. मी मॅडमकडे बघितलं, त्या टेबलाकडे बघत होत्या. आता घोरणं येणार, असं मला वाटलं.

"ताई," माझा आवाज आला, चांगला जागा, "तुमच्याकडे गेट नाही म्हणालात ना? इथे डिलिव्हरीवाल्याने 'गेटवर दिलं' असं लिहिलंय. तुमच्या भागात याच नावाची दुसरी सोसायटी आहे का?"

"आहे की! मागच्या रस्त्याला. मोठं गेट आहे तिला."

दुसऱ्या दिवशी मिक्सर त्या सोसायटीच्या वॉचमनकडे सापडला.

मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं. "आधीच्या दोघांच्या कानावर पण हेच पडलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. तू ऐकलंस." मग जरा अडखळत, "तू पास आहेस विलास. फोनवरच राहणार. आणि उद्या हा कॉल मी नवीन बॅचला ऐकवणार आहे."

मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं आणि जांभई आली. मॅडमचे डोळे मोठे झाले.

"केबिनच्या हवेची आहे मॅडम, हवेची," मी म्हटलं. "झोपेची नाही."

त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या पोरांनी काचेतून आत बघितलं.

आता मी सव्वाअकराला झोपतो आणि साडेसहाला उठतो. कधी बिघडतंच. मग कात्री आहे. पण दुसऱ्या दिवशी उठायची वेळ बदलत नाही. नवीन मुलं विचारतात, झोप येत नाही, काय करू? मी सांगतो, आधी दवाखान्यात दाखव. आणि झोपेची वाट खाटेवर पडून बघू नकोस.

सकाळी सातनंतर खाट गुलाबदादाची असते. मी फिरून येतो तोवर तो घोरत असतो. मी चादर नीट करतो आणि चहा ठेवतो. खाटेवर बसत नाही.