माहुराखालचा अंगठा

माझ्या नातीची पोलीस भरतीची धावण्याची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, आणि तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. एवढी एक गोष्ट घरात घडली आणि मी, जी एरवी दुपारी दोन तास सुखाने लोळते, घरभर नुसती फिरत राहिले.

सांगितलं तिने नव्हतंच, मी पकडलं. सकाळी मैदानावरून आली की ती बूट काढून दाण्‌दाण्‌ आत जायची. त्या सोमवारी बूट हळू काढला आणि मोजा त्याहून हळू.

"काहून वं, पायात काही रुतलं का?"

"कुछ नहीं आजी."

हिंदी मुलखात वाढलेली आमची पोट्टी मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. खोटंही हिंदीतच बोलते.

मी वेताचा मोढा ओढून तिच्यासमोर बसले. "दाखव."

अंगठ्याच्या नखाचा आतला कोपरा लाल झाला होता. थोडी सूज, दाबलं की दुखत होतं. पू नव्हता, पाणी नव्हतं. धावायचे बूट बोटाशी घट्ट होते, आणि त्यात बाईसाहेबांनी नख दोन्ही बाजूंनी गोल, खोल कापून ठेवलं होतं. ते वाढताना सरळ बाहेर न येता बाजूच्या मांसात शिरलं.

मुलगा सिलतऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो, सून शाळेत शिकवते. दिवसभर घरात आम्ही दोघीच, म्हणून डॉक्टरही मीच झाले. पसरट टबात कोमट पाणी, त्यात मीठ. पाणी कोपराने पाहायचं, चटका बसला नाही पाहिजे. पाव तास पाय बुडवून बसायचं, दिवसातून तीनदा. मग बोटांच्या फटी नीट कोरड्या करायच्या, पुढून उघडी चप्पल घालायची, धावणं बंद. आणि नख कोरायचं नाही, सुईने नाही, पिनेने नाही, कशानेच नाही.

"धावणं बंद कितने दिन?"

"बोट सांगेल तितके."

"आजी, तीन हफ्ते हैं."

"मले मोजता येते."

तिने पाय बुडवला आणि मोबाईल घेऊन बसली. मी दर पाच मिनिटांनी पाणी निवलं का पाहायच्या निमित्ताने जाऊन अंगठा पाहून येत होते. "आजी, ऐसे घूरने से ठीक नहीं होगा," ती म्हणाली. खरं होतं. पण माझे पाय जागेवर राहत नव्हते.

तिसऱ्या दिवशी लाली उतरली. कोपरा गुलाबी दिसू लागला, दाबल्यावर ती ओठ चावेनाशी झाली. मी खूश झाले आणि तिथेच चूक केली. शेजारी लग्न होतं, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या बाया जमल्या होत्या, आणि मी त्यांना हसवायला माझी जुनी गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. नात पायरीवर बसून ऐकत होती. ही गोष्ट तिने लहानपणापासून दहा वेळा ऐकली असेल.

गोष्ट अशी. मी वीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं, डोक्यात हवा. नणंदेचं लग्न ठरलं. सदर बाजारातून मी एक नंबर लहान, पुढून निमुळती चप्पल घेतली, कारण नाजूक पायांची सून म्हणून माझी वाहवा व्हायला हवी होती. माझे पाय नाजूक नव्हते. विटेसारखे होते, आजही आहेत. ते मी त्या चपलेत कोंबले. मग नख काढायला आलेल्या नाईनकाकूंना सांगितलं, कोपरे चांगले खोल काढा, गोल दिसले पाहिजे. चार दिवसांत अंगठा लाल. सासूबाईंना कळलं तर लग्नात एका जागी बसवून ठेवतील, म्हणून मी काय केलं, तर माहुर लावला. पायाला लावायचा लाल रंग, आपल्याकडे ज्याला अळता म्हणतात तो. लाल बोटावर लाल रंग, कोणाला काय दिसणार. रोज सकाळी नवा थर. सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, आमची सून किती हौशी आहे पाहा.

इथे बाया हसतात. मी इथेच थांबते. गेली कित्येक वर्षं मी इथेच थांबत आले आहे.

दुसऱ्या दिवशी नात माहुर लावून आली. लग्नाचं घर म्हणून पाऱ्यातल्या सगळ्याच पोट्ट्यांनी लावला होता, मला काही वाटलं नाही. उलट, छान दिसते म्हटलं. संध्याकाळी विचारलं, "पाय बुडवला?"

"हव, दो बार."

पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं. "हो गया आजी, आप सो रही थीं."

मी चहा गाळत होते. गाळता गाळता मान वळवून तिच्या पायाकडे पाहिलं आणि हात थांबला. माहुर करकरीत होता. कडा अशा की काल रात्री नाही, आत्ता लावल्यासारख्या. मिठाच्या कोमट पाण्यात पाव तास पाय ठेवला तर माहुर पुसटतो, पाणी गुलाबी होतं, कडा फुटतात. हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझ्या वेळी मी आठ दिवस पाय भिजवायचं टाळलं होतं ते याच भीतीने, की रंग जाईल.

"बस इथं."

"आजी, देर हो रही है."

"कशाले देर? मैदानावर जाऊन राहिली ना रोज?"

तिने मान खाली घातली. मी कापूस ओला केला आणि तिचा पाय मांडीवर घेतला. तिने ओढला, मी धरला. माझी पकड अजून चांगली आहे. रंग पुसत गेले तसा खालून दुसराच लाल निघाला, चकचकीत, ताणलेला. लाली आता नखाच्या कोपऱ्यापुरती राहिली नव्हती, पेराकडे सरकली होती. नखाच्या कडेला पिवळट पांढरा ठिपका होता आणि कापूस लागताच त्यातून पू आला. बोट गरम लागत होतं.

"रात को ठक-ठक करता है," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता.

"चाल डॉक्टरकडे."

"नहीं. डॉक्टर नख निकाल देंगे. फिर मैं दौड़ूँगी कैसे? आजी, दो साल से तैयारी कर रही हूँ. और आपने भी तो छुपाया था. आपको क्या हुआ?"

मी कापूस टबात टाकला. स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. चहा सांडला होता तो पुसला. मग तिच्यासमोर येऊन उभी राहिले, कारण बसून हे सांगता आलं नसतं.

"पुढचं मी सांगत नाही कोणाले. तू ऐक. लग्नाच्या दिवशी सकाळी मले ताप भरला. पाय घोट्यापर्यंत सुजला. वर एक लाल रेघ चढत होती. सासूबाईनं माहुर पुसला आणि पाहिलं, बोटातून पू वाहून राहिला होता. तुझे आजोबा मंडपात अडकलेले. सासूबाई मले रेल्वेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरनं सांगितलं, ठेवून घ्यावं लागेल. सासूबाई माझ्या उशाशी बसून राहिल्या. आणि इकडं त्यांच्या पोटच्या पोरीची बिदाई झाली."

नातीने मान वर केली.

"त्या नव्हत्या तिथं. एका चपलेपायी, वं. माझ्या नाजूक पायांपायी. जिवंत होत्या तोवर त्यांनी मले एकदाही बोलून दाखवलं नाही. म्हणून मी गोष्ट तिथंच थांबवतो, लोक हसून राहिले असतात तिथं."

मग तिने स्वतःच उघडी चप्पल शोधली.

समता कॉलोनीतल्या डॉक्टरबाईंकडे गर्दी होती. मी बसले, उठले, भिंतीवरचे सगळे तक्ते वाचले, पुन्हा बसले. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं, तिला वाटलं पेशंट मीच.

डॉक्टरबाईंनी बोट पाहिलं आणि विचारलं, "पस कब से है?"

"कल से," नात म्हणाली. म्हणजे माहुर लावला त्या दिवसापासून.

"भिगोना ठीक था, जब तक सिर्फ लाल था. पस दिखा, उसी दिन आना था. अंदर नाखून का टुकड़ा चुभा हुआ है, वो बैठा रहेगा तो न पानी से जाएगा न गोली से."

मी मध्येच म्हटलं, "मेरा भी एक बार ऐसा हुआ था."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शुगर है आपको?"

"है."

"तो आपके पैर में लाली भी दिखे तो टब-वब नहीं. सीधे यहाँ."

नातीने माझ्याकडे असं पाहिलं की मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

अख्खं नख काढलं नाही. बोटाच्या मुळाशी सुई देऊन ते बधिर केलं, रुतलेल्या बाजूची नखाची लांब पट्टी कापून काढली, पू साफ केला, पट्टी बांधली. नात भिंतीकडे पाहत होती आणि माझा हात चुरगाळत होती. मग तिने विचारायचं ते विचारलं. "मैडम, सोलह दिन बाद दौड़ है."

"दो दिन पैर ऊपर. फिर रोज ड्रेसिंग, खुली चप्पल. परसों दिखाओ, फिर अगले हफ्ते. सूख गया और दर्द नहीं रहा तो दौड़ना. वादा नहीं कर सकती."

ते सोळा दिवस कसे गेले हे मला विचारू नका. पट्टी ती बदलायची, श्वास मी रोखायचे. ताप आहे का म्हणून मी तिच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की ती माझा हात येताना दिसला की स्वतःच कपाळ पुढे करायची. घट्ट बूट तिच्या आईने उचलून कपाटावर टाकले आणि पुढून रुंद, मोठे आणले. शेवटच्या तीन दिवसांत डॉक्टरबाईंनी हळू धावायची परवानगी दिली. तीन दिवसांत काय तयारी होणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या आत सोडत नव्हते. मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. एक शिपाई म्हणाला, "अम्मा, बैठ जाइए, दौड़ आपकी नहीं है."

उन्हं वर आली तेव्हा ती बाहेर आली. लंगडत नव्हती. चेहऱ्यावरून काही कळेना, घामच घाम. मी काही विचारायच्या आधी ती फुटपाथवर बसली, उजवा बूट काढला, मोजा काढला आणि पाय माझ्यासमोर धरला.

नख एका बाजूने अरुंद, कड कोरडी, कातडी बाकीच्या पायासारखीच. मी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, बोटाने हलकं दाबलं.

"दुखते?"

"नाही," ती म्हणाली. मराठीत.

"आणि धावणं?"

"हो गया. मुश्किल से, लेकिन टाइम में." तिने मोजा चढवला. "घर चलके शाम को सबको वो कहानी सुनाना. पूरी वाली."

मी हव म्हटलं. आणि संध्याकाळी, बाया जमल्या तेव्हा, सांगितली.