जुन्या सर्व्हरवरून येणारं उत्तर

चेन्नईजवळच्या तांबरमच्या अक्कांना मी त्यांच्या धंद्याच्या पत्त्यावर पहिल्यांदा मेल पाठवला, तेव्हा लगेच उत्तर आलं ते त्यांच्या यजमानांचं. इंग्रजीत दोन ओळी होत्या: तुमचा मेल मिळाला, बाहुल्या मी स्वतः नीट गुंडाळून पाठवीन, काळजी नसावी. खाली त्यांचं नाव. ते जाऊन वर्ष होत आलं होतं, हे मला ठाऊक होतं. हे आपोआप जाणारं उत्तर आहे, हेही कळत होतं. तरी सिरुसेरीच्या ऑफिसात, भर दुपारी, मी पडद्यावरची ती खिडकी घाईने बंद केली.

अक्का तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो गोलू. त्या बाहुल्या विकणं हा त्यांचा धंदा. वेबसाइट यजमानांनी स्वतः बांधलेली. गेल्या नवरात्रात ऐन गर्दीत ती सारखी बंद पडत होती, म्हणून एका ओळखीतून त्यांनी मला बोलावलं.

शनिवारी गेले. वरच्या मजल्यावरची यजमानांची खोली तशीच होती. कॉम्प्युटर त्यांच्याच पासवर्डने उघडला. साइट शेअर्ड होस्टिंगवर होती. मी अक्कांना सांगितलं की एकाच सर्व्हरवर अनेक अनोळखी साइट्स राहतात, प्रत्येकीला ठरावीक वाटा, आणि गिऱ्हाईक वाढलं की तो वाटा संपतो. शेजारच्या साइटवर गर्दी झाली तरी आपली मंदावू शकते.

अक्कांच्या बंगळुरूच्या मुलाने फोनवर क्लाउडचा आग्रह धरला. नवरात्रात ताकद वाढवायची, नंतर कमी करायची, वापराल तेवढंच बिल. त्याचं चूक नव्हतं. पण तशा सर्व्हरवर अपडेट, बॅकअप, सुरक्षा सगळं आपल्यालाच बघावं लागतं. मी विचारलं, हे कोण बघणार? बघणारा माणूस त्या खोलीत बसायचा.

म्हणून मी मॅनेज्ड होस्टिंग सुचवलं. सर्व्हरची देखभाल, अपडेट आणि रोजचा बॅकअप कंपनी करते. मोबदल्यात मनासारखे बदल करायची मोकळीक थोडी कमी. अक्कांना पटलं. मग मी एक अडचण सांगितली: या नव्या कंपनीकडे मेलबॉक्स मिळत नाही. मेल वेगळ्या सेवेकडे न्यावा लागेल. जुनी पत्रं सगळी कॉपी होतील.

"आणि ते जे उत्तर जातं?" अक्कांनी विचारलं.

"ते पत्रांत नसतं, अक्का. त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतं. तोच मजकूर नव्या ठिकाणी पुन्हा लावू शकते मी."

त्या उठून खाली गेल्या. कॉफी घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "लावू नको गं. गुंडाळते मी, नि सही त्यांची. मीसुद्धा कधीकधी त्या पत्त्यावर लिहिते. उत्तर येतं म्हणून."

पुढच्या शनिवारी पत्रं कॉपी करायला लावली. पडद्यावर एकामागून एक विषय सरकत होते आणि अक्का माझ्या शेजारी खुर्ची ओढून ते वाचत होत्या. मध्येच त्यांच्या स्वतःच्या नावाची पत्रं आली. मी मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. साइट आधीच नव्या जागी हलवून तपासली होती. एक चाचणीची ऑर्डरही टाकून पाहिली. मग डोमेनचा पत्ता आणि मेलची वाट, दोन्ही नव्याकडे वळवली.

अशी बदललेली वाट सगळीकडे एकदम पोचत नाही. काही मेल सर्व्हर थोडा वेळ जुनी नोंद लक्षात ठेवतात. हे मी अक्कांना सांगितलं होतं, पण घडताना बघणं वेगळं. मी दोन खात्यांवरून चाचणीचे मेल पाठवले. एक नव्या पेटीत आला. दुसऱ्याला उत्तर आलं: काळजी नसावी.

"अजून आहेत," अक्का हळूच म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. कोणी जिना चढून येतंय का याचा कानोसा घेत त्या बसल्या होत्या, आणि मीही नकळत दाराकडे पाहिलं.

जुनं खातं आम्ही काही दिवस चालू ठेवलं, तिथे पोचलेली उरलेली पत्रं आणली. बंद करण्याआधी मी अक्कांना फोन केला. त्यांनी शांतपणे हो म्हटलं.

यंदाच्या नवरात्रात साइट एकदाही पडली नाही. सगळ्या मेलना अक्का स्वतः उत्तर देतात, थोडं उशिराने. मुलगा म्हणतो, धंदा असाच वाढला तर पुढे क्लाउडचा विचार करू. तेव्हा माणूस ठेवावा लागेल, हे आता त्यालाही पटलंय.

मात्र मध्यंतरी साइट तपासायच्या निमित्ताने मी धंद्याच्या त्याच पत्त्यावर मेल पाठवला, आणि काम संपलेलं असूनही इनबॉक्स उघडा ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिले.