पंचाहत्तर मीटरचा दीपस्तंभ

हायवेवरच्या जाम गावाजवळच्या आमच्या शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना एक नियम होता: माझ्या वर्गाचे गणिताचे पेपर दुसऱ्या तुकडीचे सर तपासायचे आणि त्यांच्या वर्गाचे मी. सर माझ्यापेक्षा खूप जुने. मला नोकरी लागून जेमतेम दोन वर्षं झालेली.

दुपारी शिक्षक कक्षात आम्ही समोरासमोर बसलो होतो. सरांनी एक उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली. पंचाहत्तर मीटर उंच दीपस्तंभावरून जहाज पाहिलं, अवनत कोन साठ अंश, तर जहाज किती दूर, असं उदाहरण होतं. तीन गुण. सरांनी शून्य दिलं होतं.

पेपर माझ्या वर्गातल्या एका मुलीचा होता. तिनं साठ अंशाचा कोन स्तंभ आणि नजरेची रेषा यांच्यामध्ये दाखवला होता. तो खरा डोळ्यासमोरच्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा. ही चूक वर्गात निम्म्या मुलांची होते. पण खाली गणित अगदी बरोबर होतं. टॅन साठ म्हणजे पंचाहत्तर भागिले अंतर, आणि उत्तर पंचवीस रूट तीन, सुमारे त्रेचाळीस मीटर.

सरांचं म्हणणं सरळ होतं. तिच्या आकृतीवरून गणित केलं तर भागाकारात अंतर वर जाईल, पंचाहत्तर खाली, आणि उत्तर एकशेतीसच्या आसपास येईल. आकृती एक सांगते, गणित दुसरंच, म्हणजे गणित शेजारणीचं पाहून उतरवलेलं आहे. मी म्हटलं की आकृतीचा एक गुण कापा, गुणोत्तराचा आणि उत्तराचा द्या. ते नकारार्थी मान हलवत राहिले. मग मी म्हणाले, "सर, आपण तिलाच विचारू. तुम्हीच विचारा."

मुलगी आली. घर शेतात, बोलणं घरचंच. सरांनी आकृती दाखवून विचारलं, की या आकृतीतून हे गणित कसं आलं.

ती म्हणाली, "सर, पहिले मी अंतर वरच ठेवलं होतं. एकशेतीस आलं. ते मले पटलं नाई."

"काऊन नाई पटलं?" सरांनी तिच्याच बोलीत विचारलं.

"आम्ही मचाणावर बसून पिकात घुसनारे रोही पाहातो. जवळचा पाहाले मान लय खाली घालावी लागते, दूरचा असला त थोडीशीच. साठ अंश म्हंजे लय खाली. मंग जहाज जवळच असन. उंचीपेक्षा अंतर कमीच आलं पाह्यजे."

सरांचं समाधान झालं नव्हतं. एकदा उलटं करून बरोबर आलं, ते नशीबही असू शकतं, असं ते म्हणाले. त्यांनी कक्षातल्या फळ्यावर नवं उदाहरण लिहिलं. चाळीस मीटर उंची, अवनत कोन तीस अंश.

तिनं खडू घेतला आणि कोन पुन्हा त्याच चुकीच्या जागी मांडला. सर खुर्चीत मागे टेकले.

ती मात्र पुढं लिहीना. आकृतीकडे पाहत म्हणाली, "तीस म्हंजे मान थोडीच खाली. जहाज दूर पाह्यजे. पण ह्या आकृतीत त ते पायथ्याजवळ आलं." तिनं फडक्यानं कोन पुसला. स्तंभाच्या टोकातून जहाजाच्या बाजूला एक आडवी रेषा ओढली, तिच्याखाली तीस लिहिलं. मग, कुणी न सांगता, जहाजापाशीही तीस लिहिलं आणि माझ्याकडे वळली. "व्युत्क्रम कोन, मॅडम. समांतर रेषा हाय."

टॅन तीस म्हणजे चाळीस भागिले अंतर. उत्तर चाळीस रूट तीन. उंचीपेक्षा कितीतरी जास्त.

सर उठले, फळ्याजवळ गेले आणि आकृती नीट निरखून पाहिली. मग टेबलाशी येऊन त्यांनी शून्य खोडलं, दोन लिहिले आणि बाजूला सही केली. "आकृतीचा एक गेला," ते तिला म्हणाले. "बोर्डात तोही सोडू नको." तिनं मान डोलावली आणि जवळजवळ पळतच वर्गाकडे गेली. मलाही तिच्यामागे पळावंसं वाटत होतं.

सरांनी मग तपासून बाजूला ठेवलेला गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढला. असे आणखी काही पेपर निघाले. काहींना दोन गुण मिळाले. एका मुलाचं नुसतंच उत्तर होतं, पायरी एकही नाही. त्याच्यासाठी मीही भांडले नाही.

चहा आला तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, उद्या तुमच्या वर्गाबरोबर माझाही वर्ग गच्चीवर न्या. हायवेवरचे ट्रक दाखवा, जवळचे आन् दूरचे. तुम्हीच शिकवा, मी मागं उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्या गच्चीवर होत्या. मी शिकवत होते, आणि माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत जात होता.