साडेसहा आणि साडेपाच

बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका दूरशिक्षण संस्थेच्या उत्तरपत्रिका तपासायचं काम घेतलं, कारण रिकामं बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दिवसा कामावर जाणारे आणि सुटलेलं शिक्षण पुन्हा धरणारे लोक त्यांचे विद्यार्थी. घरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, बाजूला स्टीलची पट्टी आणि लाल शाईच्या वहीत प्रत्येकाचे गुण. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी लांब राहायची. दिवसाला दोन-तीन लाटा तपासल्या की बाईंचा दिवस भरायचा.

लाटा म्हणजे साइनचे आलेख. संस्था प्रत्येकाला वेगळा आलेख छापून पाठवायची, म्हणजे कुणी कुणाचं उतरवू नये. विद्यार्थ्याने आलेख बघून खाली समीकरण लिहायचं आणि पानाचा फोटो काढून पाठवायचा. उत्तरांची यादी कुणाकडेच नव्हती. बाई फोटोवरून स्वतः आलेख वाचायच्या आणि ताडून बघायच्या. वरचं टोक, खालचं टोक, त्यांच्या बरोबर मध्ये मध्यरेषा. मध्यरेषेपासून टोकापर्यंतची उंची म्हणजे आयाम. एक पूर्ण लाट जेवढी जागा घेते तो आवर्तकाल. आणि लाट मध्यरेषा ओलांडून वर निघते ती जागा उभ्या अक्षापासून किती सरकली आहे, ते शेवटी.

अलीकडे मात्र फोटोंनी त्यांना वैताग आणला होता. रेषा वाकड्या, चौकोन फुगलेले. "फोटो काढताना भूकंप झाला होता का?" असा शेरा त्यांनी किती जणांना मारला असेल, त्याची गणती नाही. एकूणच जगात सरळ काम करणारे लोक कमी झालेत असं त्यांचं मत झालं होतं. स्वयंपाकघराच्या दाराची चौकटसुद्धा मध्येच पोट काढून बसली होती. त्यासाठी त्यांनी सुताराला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा त्याने चौकटीला पाणपातळी लावून दाखवली, नळीतला बुडबुडा अगदी मध्यावर होता. "बाई, दार सरळ आहे हो," तो काकुळतीला येऊन म्हणाला. बाईंनी त्याची पाणपातळीच बिघडली आहे असं सांगून त्याला वाटेला लावलं.

त्या दुपारी लिफ्टवाल्याचा फोन आला. त्यांचा हा विद्यार्थी लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मुलांचा बाप, वय चाळिशीकडे झुकलेलं. या परीक्षेत पास झाला तर त्याला संध्याकाळच्या पदविकेला प्रवेश मिळणार होता, आणि गुण कळवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. बाईंनी त्याला नापास केलं होतं.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "मी आयाम तीन लिहिला, तुम्ही खोडून अडीच केलात. मध्यरेषा मी एक लिहिली, तुम्ही अर्धा."

"मग? वरचं टोक तीनवर आहे, खालचं उणे दोनवर. फरक पाच, त्याचा निम्मा अडीच. फोटो तिरका काढलात, म्हणून तुम्हालाच नीट दिसलं नाही."

"मला वरचं टोक चारवर दिसतं, मॅडम. पण ते सोडा. तुमची मध्यरेषा धरून मी चौकोन मोजले. पूर्ण लाट बारा चौकोनांची आहे. त्यातले साडेसहा चौकोन ती रेषेच्या वर राहते आणि साडेपाच चौकोन खाली. साइनची लाट असं करत नाही ना? जेवढी वर तेवढीच खाली. तुम्हीच टिपणात लिहिलंय."

टिपण त्यांचंच होतं. मध्यरेषा बरोबर असेल तर वरचे आणि खालचे चौकोन सारखे आलेच पाहिजेत. फोटो वाकडा असो की सरळ, त्याच्या हातातला कागद तर वाकडा नव्हता.

"पुन्हा फोटो काढून पाठवा," त्या म्हणाल्या. "मोबाइल सरळ धरा आणि कागदावर पट्टी ठेवा."

पाच मिनिटांत फोटो आला. त्याने मोबाइल चक्क कामावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळून काढला होता. लाटेचं खालचं टोक आलेखाच्या चौकटीच्या तळाच्या जाड रेषेला टेकलेलं, तिथे उणे दोन ठळक छापलेलं. तिथे मोजायची गरजच नव्हती. वर मात्र मोजावं लागत होतं. बाई शिखराकडे टक लावून बघू लागल्या, तशा तिथल्या दोन रेषा एकमेकींना चिकटल्या. शेजारी ठेवलेली त्याची पट्टीसुद्धा मध्ये वाकली होती. पट्टी पण धड नाही याच्याकडे, असं मनात आलं आणि त्यांनी आपली स्टीलची पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली.

तीही वाकली होती.

बाईंनी ती उलटी केली. आडवी धरली, उभी धरली. जिथे नजर जाईल तिथे पट्टी वाकत होती. त्यांनी उजवा डोळा झाकला. डावा डोळा लहानपणापासून नावालाच होता; त्याला सगळं धुरकट दिसायचं, पण पट्टी सरळ दिसली. डावा झाकला, की परत वाकडी. म्हणजे ज्या एका डोळ्यावर सगळा संसार आणि सगळं गणित चाललं होतं, त्यानेच दगा दिला होता. सुतार आठवला आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी नजरेवर विसंबणंच सोडलं. पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून, बोटाने चाचपत एकेक रेषा मोजली. शिखर चारवर निघालं. चार आणि उणे दोन. आयाम तीन, मध्यरेषा एक. लाट पाय (π) एवढ्या अंतरात पूर्ण होत होती, म्हणून आत दोनाने गुणायचं. अक्षापासून तीन चौकोनांवर, म्हणजे पाय भागिले चारला, ती मध्यरेषा ओलांडून वर निघत होती.

y = 3 sin 2(x − π/4) + 1

लिफ्टवाल्याने अक्षर न अक्षर हेच लिहिलं होतं. बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले आणि फोन करून सांगितलं, "तुमचंच बरोबर होतं. चूक माझी." तो बिचारा आभार मानत राहिला, तेव्हा बाईंना फोन कुठे ठेवावा हे कळेना.

प्रश्न तिथे मिटला असता. पण सुताराला पहिल्यांदा बोलावलं त्याला चार महिने झाले होते, म्हणजे डोळा निदान तेव्हापासून फसवत होता. बाईंनी लाल शाईची वही उघडून तेव्हापासूनची नावं मोजली, बोट ठेवून, दोनदा. तीनशे बारा. मग संस्थेच्या कार्यालयात फोन लावला. तिथली मुलगी मनाने चांगली होती.

"मॅडम, इतकं काय मनाला लावून घेता?" ती म्हणाली. "त्या एकाचे गुण आपण सुधारले ना? बाकी कुणाची तक्रार नाही."

"तक्रार कशी असेल गं?" बाईंचा आवाज चिरकला. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःचं बरोबर उत्तर खोडून त्यांनी माझं चुकीचं पाठ केलं असेल."

बाईंनी लाल शाईची वही मिटली.

"तीनशे बाराच्या तीनशे बारा पत्रिका दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे," बाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून मला एकही पाठवू नकोस."