तंबाखू मळेपर्यंत उघडलेलं पान

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि धुळ्यात आग्रा रोडच्या एका माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, एक स्कॅनर आणि एक मोडेम. इंटरनेटची वेबसाइट बनवता येणारी गावात मी एकटीच, असं मला वाटायचं, आणि तसं मी दिसेल त्याला सांगतही सुटायचे.

म्हणूनच आबा माझ्याकडे आले. शिंदखेडा तालुक्यातले मिरची पिकवणारे शेतकरी. त्यांनी आखातातल्या एका मसालेवाल्याशी फॅक्सवर बोलणं लावलं होतं. तो म्हणाला होता, तुमचा माल आणि तुमची माणसं मला इंटरनेटवर दाखवा, मग बघू. आबांनी तेवढ्या भरवशावर गावातल्या दहा जणांना बाजारात मिरची नेण्यापासून थांबवलं होतं. स्वतःचीही थांबवली होती.

"मी त्यासले शबद देल शे, ताई," खुर्चीच्या टोकाला बसून तळहातावर तंबाखू मळत ते म्हणाले. "यामा आम्हीन अकराबी जण दिसाले पायजे. कोनी मांगे नही, कोनी पुढे नही. आनि मिरची लाल दिसाले पायजे. लाल गयं ते बठ्ठं गयं."

मानपान म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एका काकाचं नाव खाली गेलं तर तो दोन वर्षं उंबरा ओलांडत नाही. तेव्हा मी अकरा जणांचे अकरा फोटो पहिल्याच पानावर टाकले. सगळे सारखे, दोन बोटं रुंद. स्कॅनर मात्र पूर्ण ताकदीनं चालवला, कारण लाल जाता कामा नये. वर माझी हौस: माउसच्या बाणामागे टपटप पडणाऱ्या मिरच्या, खालच्या पट्टीत धावणारं 'आपले स्वागत आहे', नावाखाली हलणारं पाणी आणि उघडताच सनईसारखं काहीतरी वाजणारं. हे सगळं एका फुकट जागा देणाऱ्या सर्व्हरवर चढवलं. माझ्या मशीनवर पान चुटकीसरशी उघडलं. आबा खूश, मी तर हवेतच.

चौथ्या दिवशी फॅक्स आला. इंग्रजीत चार ओळी. तुमचं पान उघडेना, मी चहा पिऊन आलो तरी अर्धंच होतं, गुरुवारी पुन्हा एकदा बघतो, नाहीतर माल गुंटूरहून घेतो.

आबा फॅक्स हातात धरून माझ्यासमोर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "गुरवारलोंग व्हई का, ताई?"

मी 'हो' म्हणाले आणि आतून घाबरले. कारण माझ्याकडे तर ते उघडत होतं! दोष त्या मसालेवाल्याच्या मोडेमचा, असं ठणकावून सांगायला जीभ शिवशिवत होती. पण सांगण्याआधी खात्री करावी म्हणून दुसऱ्या सकाळी आबांना घेऊन एसटीनं जळगावला गेले. तिथं माझ्या एका मैत्रिणीनं सायबर कॅफे काढलं होतं. तिच्या मशीननं आमचं पान कधी पाहिलेलं नव्हतं.

पत्ता टाकला. आधी त्या फुकट सर्व्हरची जाहिरात उघडली. मग एक चौकट आली, दुसरी आली. आबांनी पिशवीतून तंबाखू काढली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली, बाहेर जाऊन थुंकून आले. तोवर पहिल्या शेतकऱ्याचा फेटा आणि कपाळ दिसत होतं. आबा स्वतः सातवे होते.

"मी कवय येसू?" आपला चेहरा कधी येणार, असं त्यांनी विचारलं.

मैत्रीण हसून लोटपोट झाली. मला रडू येत होतं, तरी मीही हसले. मग तिनं मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी क्लासमध्ये इतरांना शिकवायला हवं होतं. माझ्या मशीनवर चित्रं आधीपासूनच साठवलेली होती, म्हणून ती लगेच दिसत होती. आणि पानावर दोन बोटं रुंद दाखवलं म्हणून फोटो लहान होत नाही. अख्खा फोटो तारेतून येतो आणि मगच आकसून दिसतो. एकेक फोटो दोनशे किलोबाइटचा, मोडेम सेकंदाला जेमतेम तीन किलोबाइट ओढणारा. हिशेब माझा मीच केला आणि मान खाली घातली.

धुळ्याला परत येताना एसटीत मी आबांना म्हणाले, "अकरा फोटो नाही चालणार." त्यांचा चेहरा पडला. कोणाला काढायचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी मिरचीपेक्षा मोठा होता. पारोळा आलं. मग मीच विचारलं, "अकराही जण मिरचीभोवती एकत्र उभे राहिले तर?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीतून वर काढलं आहे.

दुसऱ्या दिवशी शेतातल्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, पसरलेल्या लालभडक मिरच्यांभोवती अकरा जण अर्धगोल उभे राहिले. उंच-बुटका असा वाद झालाच, मग उंचांना बसवलं. एक फोटो. शहरात येऊन तो धुतला, स्कॅन केला आणि या वेळी आधी त्याची लांबी-रुंदीच पानावर हवी तेवढी केली. मग फाइल हलकी व्हावी म्हणून जेपेग करून दाबायला लागले. फार दाबलं की मिरच्यांच्या कडा चौकटी-चौकटी होऊन एकमेकींत मिसळायच्या. लाल रंगाला हा मार लवकर लागतो. आबा शेजारी बसून डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "हाई लाल नही. मांगे ल्या." मी मागे घ्यायचे. एका जागी ते "हां" म्हणाले. फोटो पंचवीस किलोबाइटचा झाला होता. गावाच्या नावाची साधी पट्टी दोन-चार रंगांची, ती जिफ नावाच्या हलक्या प्रकारात ठेवली. प्रत्येकाचा वेगळा फोटो आत, ज्याला बघायचाय त्यानं नावावर टिचकी मारावी.

मग हौस. पाणी काढलं, सनई काढली, धावणारी पट्टी काढली. पडणाऱ्या मिरच्यांपाशी हात अडला. तीन दिवस खपून लिहिल्या होत्या हो त्या! पण माल लाल दिसायचा आहे की माझी हुशारी, असं स्वतःलाच दरडावलं आणि पुसून टाकल्या.

राहिली जागा. फुकटचा, इथलाच सर्व्हर सोडला. मुंबईच्या एका माणसाकडून परदेशातल्या सर्व्हरवर छोटीशी विकतची जागा घेतली. आपल्या देशातून बाहेर जाणारी वाट तेव्हा फार अरुंद होती, आणि पान पाहणारा बाहेरचा होता.

बुधवारी पुन्हा जळगाव. मैत्रिणीनं जुनं साठवलेलं सगळं पुसलं. आबांनी तंबाखू तळहातावर घेतली आणि अंगठा टेकवला. आधी अक्षरं आली. फोटोची जागा मोकळी, पण आखलेली. मग वरून खाली उतरत मिरच्या, फेटे, अकरा चेहरे.

"तंबाखू बी मळाई नही!" आबा ओरडले. कॅफेतले सगळे वळून बघायला लागले. मी खुर्चीतून उठून मैत्रिणीला मिठी मारली.

गुरुवार गेला. शुक्रवारी काही नाही. शनिवारी दुपारी माडीचा जिना धडधडला आणि अकराच्या अकरा जण वर आले. पुढच्याच्या हातात फॅक्स, मागच्याच्या खांद्यावर मिरचीचं पोतं. मसालेवाल्यानं नमुना मागवला होता, आणि खाली एक ओळ लिहिली होती: फोटोतला रंग खरा असेल तर सगळा माल मीच घेतो.

खोलीत ठसका उठला. शिकणारी मुलं-मुली, शेतकरी, मी, सगळे खोकत होतो आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यात मी खरंच रडत होते हे कोणाला कळलं नाही. आबा तेवढे पडद्यासमोर उभे राहून बोटानं एकेक चेहरा मोजत होते. अकरापर्यंत पोचले, मागे वळले आणि म्हणाले, "दखा, कोनी मांगे नही."

त्यांच्या दुसऱ्या तळहातावरची तंबाखू अजून मळायचीच होती.