वरच्या मजल्याला पोस्टानं पाठवलेलं पत्र

पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी मला पत्ता दोनदा विचारला. पाठवणारी आणि घेणारा, दोघांचाही पत्ता एकच होता. एका ठिकाणी मी तळमजला लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी पहिला मजला. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं काही न विचारता पावती फाडून दिली. त्या दिवशी माझं तोंड पाहून कोणीच काही विचारलं नसतं.

मी ब्लाउज शिवते. नागपुरात मानेवाड्याकडे आम्ही भाड्यानं राहतो. समोरच्या खोलीत माझी मशीन, कापायचं टेबल आणि शिवून झालेले कपडे टांगायची दांडी. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जातो. वर घरमालक आणि त्यांची बायको, दोघंच. काका सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. चाळीस वर्षं शाळा, दवाखाने, क्वार्टर त्यांच्या देखरेखीखाली बांधले गेले, हे त्यांनी मला घर दाखवतानाच सांगितलं होतं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. म्हटलं, बांधकामातला माणूस आहे, घराची काळजी घेईल.

दिवाळीच्या आधी त्या दांडीमागच्या भिंतीवर वरून एक ओला डाग उतरला. आधी ताटाएवढा होता. मग रंग फुगला, त्याचे पापुद्रे सुटले, खालून पांढरी खारी पूड गळायला लागली आणि वास सुरू झाला. पावसाळ्यात गोणपाट कोपऱ्यात विसरून राहावं, तसा कुबट वास. उदबत्ती लावली, फिनाइलनं पुसलं, कापूर ठेवला. घटकाभर कापराचा वास यायचा, मग कापूर आणि कुबट दोन्हींचा मिळून आणखी वाईट.

काकांना मी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, तुमच्या कूलरची हवा भिंतीवर जाते. कूलर जुलैतच रिकामा करून माळ्यावर टाकला होता. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही दिवसभर वाफेची इस्त्री चालवता. माझी इस्त्री साधी आहे, पाणी मी हातानं शिंपडते. तिसऱ्यांदा त्यांनी एक पेंटर पाठवला. त्यानं खरवडून वरून पुट्टी फिरवली, रंग मारला आणि गेला. पंधरा दिवसांत डाग त्या नव्या रंगातून वर आला, पहिल्यापेक्षा मोठा. त्यानंतर मी मोबाइलवर फोटो पाठवले. काकांनी ते पाहिल्याचं दिसायचं. उत्तर यायचं नाही.

तोवर मी चिडले होते, पण गप्प होते. मग ती नर्स आली. धंतोलीच्या एका दवाखान्यात काम करते, दर लग्नसराईत सहा-सात ब्लाउज माझ्याकडेच टाकायची. तिनं शिवलेला ब्लाउज उचलला, फिटिंग बघायच्या आधी हळूच नाकाशी नेला आणि घडी करून पिशवीत ठेवला. उरलेल्या दोन कापडांचं म्हणाली, नंतर शिवू. ती नंतर आलीच नाही. महिन्यानं कळलं, आता ती पलीकडच्या गल्लीत टाकते.

तिनं ब्लाउज हुंगला, त्याच दिवशी मी मशीनचं झाकण लावलं आणि कागद घेतला. त्याच्याआधी आणखी एक काम केलं. कापडावर खुणा करायचा माझा निळा खडू घेऊन डागाच्या कडेनं भिंतीवर रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. पुढच्या रविवारी ओल रेघेबाहेर गेलेली. पुन्हा रेघ. अशा चार रेघा झाल्यावर पत्र पुरं केलं. बारावीनंतर मी अर्ज असा लिहिलाच नव्हता. तीन कागद फाडले, कारण पहिल्या तिन्हींत शिव्या होत्या.

"प्रति, घरमालक, पहिला मजला. विषय: तळमजल्यावरील समोरच्या खोलीच्या भिंतीतून पाणी झिरपणे व कुबट वास येणे, दुरुस्तीबाबत.

महोदय, मी आपल्या घरात चार वर्षांपासून भाड्याने राहते. समोरच्या खोलीच्या पूर्वेकडील भिंतीवर दिवाळीपूर्वीपासून ओल आहे. ही ओल वरून खाली येते, जमिनीकडून वर चढत नाही. पाऊस बंद होऊन तीन महिने झाले तरी ती वाढत आहे, म्हणून ती पावसाची नाही. दर रविवारी मी ओलीच्या कडेला खडूने रेघ मारली आहे, त्या आपण स्वतः पाहाव्यात. भिंतीच्या बरोबर वर आपले न्हाणीघर आहे. वरून रंग दिल्याने ओल थांबलेली नाही.

वासामुळे मी शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना देण्याजोगे राहत नाहीत. खोलीत दिवसभर बसणे कठीण झाले आहे.

तरी आपण प्लंबरकडून न्हाणीघराचे पाईप तपासून गळती बंद करावी, त्यानंतर ओले प्लास्टर काढून भिंत वाळवून नवे करावे, ही विनंती. पंधरा दिवसांत काम सुरू न झाल्यास मला पुढे काय करायचे ते ठरवावे लागेल. या पत्राची एक प्रत माझ्याकडे ठेवली आहे."

पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. पण ते वाक्य लिहून बरं वाटलं.

दोन प्रती घेऊन वर गेले आणि म्हटलं, एकीवर पोच म्हणून सही द्या. काकांनी चष्मा लावला, पत्र सावकाश वाचलं आणि घडी करून मला परत दिलं. म्हणाले, "घरातल्या घरात पोच कायची, ताई? आणि भिंतीतलं पाणी कुठून येते, हे तुम्ही मले सांगून राहिल्या का?"

माझे कान तापले. मी म्हटलं, खाली येऊन रेघा तर पाहा. ते म्हणाले, खडूनं भिंत खराब करू नका.

मी खाली आले, चप्पल घातली आणि पत्र रजिस्टर करायला तशीच पोस्टात गेले.

पत्र तिसऱ्या दिवशी आलं. पोस्टमन माझ्याच दारासमोर गाडी लावून पाकीट उलटंपालटं करत उभा राहिला. "ताई, हे तुम्हीच वर पाठवलं? जिना आहे ना इथं." मी म्हटलं, "जिन्यानं पोहोचत नाही दादा. तुम्ही द्या." तो हसला नाही, वर गेला. काका त्या वेळी फिरायला गेले होते. सही काकूंनी केली, पाकीटही त्यांनीच फोडलं.

अर्ध्या तासानं काकू खाली आल्या. चार वर्षांत त्या माझ्या खोलीत उंबऱ्यापर्यंतच यायच्या, ब्लाउज द्यायला आणि घ्यायला. आज सरळ आत आल्या. दांडीवरचे कपडे बाजूला सारून भिंतीला हात लावला आणि तो हात नाकाशी नेला.

"काहून नाही सांगितलं वं मले?"

मी म्हटलं, काकांना तीनदा सांगितलं. त्या खाली बसल्या. त्यांच्या दोन ब्लाउजना मागे असाच वास आला होता, त्यांना वाटलं कपाटाचा असेल, म्हणून त्यांनी कपाट उन्हात काढून धुतलं होतं. मग हळूहळू बोलल्या. मागच्या वर्षी न्हाणीघर नवं केलं, तेव्हा काका स्वतः उभे होते. पाईप भिंतीच्या आतून घेतले, वरून मोठ्या फरश्या बसवल्या. आलेल्यागेलेल्याला ते न्हाणीघर दाखवतात. ते फोडा म्हणणं म्हणजे त्यांच्या चाळीस वर्षांना नाव ठेवण्यासारखं.

मी म्हटलं, "काकू, त्यांच्या चाळीस वर्षांखाली माझी गिऱ्हाइकं पळून राहिली." माझा आवाज चढला होता. काकूंनी मला थांबवलं नाही.

त्यांनीच मग तोड काढली. येत्या आठवड्यात काटोलला त्यांच्या बहिणीकडे लग्न होतं, दोघं पाच दिवस जाणार होते. गच्चीवरच्या टाकीतून न्हाणीघराला जाणाऱ्या नळीला वेगळा कॉक आहे. निघताना तो बंद करून जाईन, म्हणाल्या, त्यांना सांगणार नाही. तू रेघ मारून ठेव.

ते गेले आणि मी त्याच सकाळी पाचवी रेघ मारली. हिवाळ्याची कोरडी हवा. दोन दिवस काही फरक दिसला नाही आणि मी स्वतःवरच चिडले, की उगाच एवढा तमाशा केला. तिसऱ्या दिवशी वरची कड फिकी पडली. पाचव्या दिवशी ओल रेघेपासून चांगली वीतभर आत सरकली होती आणि भिंतीला बोट लावलं तर फक्त गार लागत होतं, ओलं होत नव्हतं. मी इस्त्री रोज चालवली होती. मुद्दाम जास्तच.

काटोलहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकू त्यांना खाली घेऊन आल्या. काकांनी भिंत पाहिली, रेघा पाहिल्या, तारखा वाचल्या. म्हणाले, हवा कोरडी आहे, म्हणून सुकली. तेव्हा काकूंनी कॉकचं सांगितलं. काका त्यांच्याकडे पाहतच राहिले. काकू शांतपणे म्हणाल्या, काल आल्या आल्या कॉक उघडला आहे, आता चार दिवस थांबू, हवा तर तीच राहील.

चौथ्या दिवशी ओल रेघेबाहेर होती.

तेव्हाही काका म्हणाले, "बघतो, प्लंबरले विचारतो." एवढ्या दिवसांचं साचलेलं माझ्या तोंडातून गेलं. "विचारू नका काका, बोलवा. तीन महिने मी तुमच्या घरात तुमचंच पाणी हुंगून राहिली, आणि तुम्ही माझी इस्त्री मोजता. माझ्या जागी तुमची मुलगी असती तर तिलाही पुट्टी लावली असती का?" काकांची मुलगी पुण्याला असते. ते वळले आणि वर निघाले. जिन्यावर जाताना त्यांचा हात कठड्यावर होता, आणि मला त्या क्षणीही त्यांची दया आली नाही.

प्लंबर सोमवारी आला. गिझरखालच्या तीन फरश्या फोडल्या, तर आत गरम पाण्याच्या पाईपचा वळणाचा जोड झिरपत होता. थेंब थेंब, पण चोवीस तास. त्यानं तो तुकडा कापून नवा बसवला, पाणी सोडून दोन दिवस तसंच उघडं ठेवलं, मग फरश्या लावल्या. त्या रंगाच्या फरश्या आता मिळत नव्हत्या. तिन्ही जरा वेगळ्या दिसतात, असं काकू सांगत होत्या. माझ्याकडे मिस्त्रीनं विटेपर्यंत प्लास्टर उडवलं. भिंत वाळायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी मशीन स्वयंपाकाच्या खोलीत चालवली आणि कपडे शेजारणीकडे टांगले. नवं प्लास्टर, वर रंग. वास गेला.

नर्स परत आली नाही. मी तिला निरोप पाठवला, सीताबर्डीला अस्तर घ्यायला गेले तेव्हा भेटलीही. बरं बोलली. पण गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या टेलरकडे माप देऊन आलं, की ते गेलंच.

काका मला सॉरी म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली, हे कबूल करते. एक दिवस सकाळी मी दारात तुरपाई करत बसले होते आणि काका फाटकाशी शेजारच्या गृहस्थांना समजावत होते, त्यांच्याही भिंतीला ओल आली होती. काका म्हणत होते, "आधी टाकीचा कॉक बंद करा, ओलीच्या कडेनं रेघ मारा आणि पाच दिवस थांबा. आमच्याकडे मी असंच शोधून काढलं."

सुई माझ्या बोटात गेली. मी उठून आत आले, पंख्याचं बटण दाबलं आणि एका नवरीचा ब्लाउज कापायला घेतला.